दर रविवारी ड्रम रिकामा, तरी सोमवारी अळ्या: आमच्या सोसायटीच्या व्हिडिओत काय चुकलं होतं

आमची सोसायटी रत्नागिरीत, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. अठ्ठावीस फ्लॅट, त्यातले नऊ वर्षभर कुलूपबंद. मालक मुंबईला, येणार ते गणपतीला आणि मे महिन्यात. सलग तीन वर्षं आमच्याकडे जुलै संपता संपता डेंग्यूचे पेशंट निघाले. तिसऱ्या वर्षी तर आधी व्हिडिओ करून झाला होता, तो सगळ्यांनी बघितला होता, आणि दर रविवारी सफाईही होत होती. तरी आजार परत आलाच. म्हणून व्हिडिओच्या संहितेतली नेमकी चूक कुठे होती आणि ती आम्ही कशी दुरुस्त केली, ते इथे लिहितो. दुसऱ्या सोसायट्यांचे व्हिडिओही मी पाहिलेत. तीच चूक बहुतेकांत आहे.

आधी लक्षण सांगतो. गच्चीवरच्या जिन्याखाली आमचे चार निळे प्लास्टिकचे ड्रम असतात. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा ते भरून ठेवायचे. पावसाळ्यात झाडांना आणि जिना धुवायला वापरायचे. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे सफाईच्या मावशी दर रविवारी सकाळी चारही ड्रम आडवे करून पाणी ओतून द्यायच्या आणि संध्याकाळी पुन्हा भरायच्या. एका सोमवारी संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे काका टॉर्च घेऊन गेले, तर ड्रममध्ये बारीक अळ्या वळवळताना दिसल्या. मग नेहमीचं सुरू झालं. "मावशींनी ड्रम ओतलाच नसणार." मावशी म्हणाल्या, "माझ्या हातांनी उपडा केला, भाऊ. तुम्हीच बघा पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी मी स्वतः उभा राहिलो. ड्रम पूर्ण रिकामा झाला, खाली थेंब उरला नाही. सोमवारी संध्याकाळी पुन्हा अळ्या.

आता संशय नळाच्या पाण्यावर. ते तपासायला सोपं होतं. दुकानातून आणलेली नवी कोरी बादली ड्रमशेजारी ठेवली, त्याच नळीने त्याच वेळी भरली आणि वर मच्छरदाणीचं कापड बांधलं. एका ड्रमलाही तसंच कापड बांधलं. दुसऱ्या दिवशी बादली स्वच्छ होती आणि कापड बांधलेल्या ड्रममध्ये अळ्या होत्या. म्हणजे अळ्या पाण्यातून आल्या नव्हत्या आणि रात्रीत बाहेरून येऊन कुठल्या डासानेही त्या घातल्या नव्हत्या. त्या ड्रममध्येच होत्या.

कोड्याचं उत्तर दिलं सर्वेक्षणाला आलेल्या आरोग्य सेवकांनी. त्यांनी ड्रमच्या आत तिरका टॉर्च मारला आणि पाण्याच्या रेषेच्या वर दोन-तीन बोटांवर बोट ठेवलं. तिथे काजळाचे बारीक ठिपके लागल्यासारखं काहीतरी होतं, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. "ही अंडी. डेंग्यूच्या डासाची मादी पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला एकेक करून चिकटवते. तुम्ही पाणी ओतता, ती भिंतीलाच राहतात. पुन्हा पाणी भरलं की भिजतात आणि फुटतात."

मी घरी येऊन आमचा व्हिडिओ पुन्हा लावला. चाळिसाव्या सेकंदाला इंटरनेटवरून घेतलेलं डासाच्या जीवनचक्राचं चित्र होतं, त्यात अंड्यांचा तराफा पाण्यावर तरंगत होता. चित्र खोटं नव्हतं, पण ते क्युलेक्स डासाचं होतं, म्हणजे गटारात, सेप्टिक टँकमध्ये वाढणाऱ्या आणि हत्तीरोग पसरवणाऱ्या डासाचं. तो खरोखर पाण्यावर तराफा सोडतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस तसं करत नाही. चित्र बघून अठ्ठावीस घरांची समजूत झाली की अंडी पाण्यात असतात, म्हणून पाणी ओतलं की अंडी गेली. मावशींनी सांगितलं तेवढं काम चोख केलं होतं. सांगणंच चुकीचं होतं.

या अंड्यांची आणखी एक खोड आहे, आणि कोकणातल्या पावसाला ती फारच सोयीची पडते. घातल्यावर दोनेक दिवस ओल मिळाली की आतला जीव तयार होतो. त्यानंतर अंडं कोरडं पडलं तरी मरत नाही, महिनोन् महिने तसंच चिकटून राहतं. मे महिन्यात पाणीटंचाईत भरलेल्या ड्रमला चिकटलेली अंडी जूनमध्ये पहिल्या पावसात भिजतात. भिजली तरी सगळी एकदम फुटत नाहीत. काही पहिल्या भिजण्याला, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. आपल्याकडे चार दिवस मुसळधार, मग आठवडाभर उघडीप, पुन्हा झोडपणं. धो धो पावसात भांडी ओसंडून वाहतात आणि अळ्या वाहूनही जातात, पण भिंतीला चिकटलेलं अंडं हलत नाही. म्हणून आमच्याकडे जास्त पेशंट ऐन पावसात निघत नसत. ते श्रावणातल्या उघडीपीनंतर निघायचे.

हे कळल्यावर नवी संहिता लिहिली. जुन्या व्हिडिओतलं गटाराचं दृश्य काढून टाकलं, कारण ते दाखवलं की लोक बाहेरच्या गटाराकडे बोट दाखवून मोकळे होतात. एडिसला हवं असतं घरातलं, गच्चीवरचं, त्यातल्या त्यात स्वच्छ साठवलेलं पाणी. धूरफवारणीचं दृश्यही काढलं. ते दिसायला झकास असतं, पण धुराने मरतो तो त्या वेळी उडत असलेला डास. अळीला पाण्यात आणि अंड्याला भिंतीवर काही होत नाही. पेशंट निघाल्यावर फवारणी करतात ती आधीच उडणारे डास कमी व्हावेत म्हणून. तिचा उपयोग तेवढाच. आमच्या व्हिडिओत मात्र ती शेवटी होती, पार्श्वसंगीतासह, जणू काम फत्ते.

चित्रीकरणासाठी एक बरणी पुरली. वापरातून काढलेला एक तडा गेलेला ड्रम मे महिन्यापासून जिन्याखाली कोरडा पडून होता. त्याच्या पाणरेषेजवळचा तळहाताएवढा तुकडा करवतीने कापला, काचेच्या बरणीत उभा ठेवला, नळाचं पाणी आणि सुकलेल्या पानाचा चुरा घातला. तोंडाला मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून रबराने आवळून बांधलं. हे कुणी करणार असेल तर बांधण्यात हयगय नको, नाहीतर सोसायटीत डास सोडल्याचं श्रेय आपल्याकडे येईल. रोज सकाळी एकाच जागी मोबाइल टेकवून वीस सेकंद चित्रीकरण केलं. मागे काळा कागद आणि बाजूने टॉर्च असेल तरच अळ्या नीट दिसतात. समोरून प्रकाश टाकला तर बरणीत फक्त आपलाच चेहरा दिसतो.

संहिता अशी झाली. एकूण तीन मिनिटं, त्याहून लांब व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर कुणी पुरा बघत नाही.

दृश्य १. रिकामा ड्रम. तिरका टॉर्च. कॅमेरा हळूहळू पाणरेषेच्या वर जातो, काळ्या ठिपक्यांवर थांबतो.
*आवाज:* "हा ड्रम काल ओतलाय. पाण्याचा थेंब नाही. पण हे ठिपके बघा. ही डेंग्यूच्या डासाची अंडी. पाणी नसताना महिनोन् महिने जिवंत राहतात. पाणी ओतून ही जात नाहीत."

हे दृश्य अगदी सुरुवातीला ठेवलं. आधी आजाराची माहिती, मग डासाची, मग उपाय या क्रमाने गेलो तर उपाय येईपर्यंत माणूस पुढचा मेसेज उघडतो.

दृश्य २. बरणी, पहिला दिवस. तुकडा पाण्यात जातो. काळा पडदा, "दुसरा दिवस" अशी अक्षरं. पाण्यात केसासारख्या बारीक अळ्या.
*आवाज:* "पाणी लागलं. एका दिवसात अळ्या. या पाण्यात कुठलाही डास आलेला नाही, तोंड बांधलेलं आहे."

दृश्य ३. चौथा, पाचवा, सहावा दिवस. अळ्या मोठ्या होतात, पृष्ठभागाला डोकं खाली, शेपूट वर करून लटकतात. वरून हाताची सावली पडते, सगळ्या झपकन खाली जातात.
*आवाज:* "अळी शेपटाकडच्या नळीने हवा घेते, म्हणून तिला वर यावंच लागतं. सावली पडली की बुडी मारते. तुम्ही डोकावलात आणि काही दिसलं नाही, तर लगेच 'नाही' म्हणू नका. मिनिटभर थांबा."

ही मिनिटभर थांबायची सूचना छोटी वाटेल, पण तपासणीतल्या निम्म्या चुका तिथेच व्हायच्या. लोक ड्रमवर वाकायचे, सावली पडायची, अळ्या तळाला जायच्या, आणि वहीत "निरंक" लिहिलं जायचं.

दृश्य ४. सातवा दिवस. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष, गोते खात वरखाली.
*आवाज:* "हा कोष. हा काही खात नाही. दोन दिवसांत यातून डास उडणार."

दृश्य ५. नववा दिवस. कापडाखाली डास. पाण्यावर कोषांच्या रिकाम्या कातड्या तरंगताहेत.
*आवाज:* "अंडं भिजल्यापासून आठ ते दहा दिवस. म्हणून सफाई दर सात दिवसांनी, ठरलेल्या वारी. एक आठवडा चुकला की डास उडाले."

बरणीतल्या डासांचं काय करायचं यावर घरात वाद झाला. मी बरणी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी म्हणालो, तर बायको म्हणाली, "माझ्या सुरमईशेजारी डास? बरणीसकट तुम्हीही बाहेर झोपा." शेवटी कापडावरूनच साबण घातलेलं उकळतं पाणी ओतलं. तुकडाही त्यातच राहू दिला.

दृश्य ६. मावशी ड्रम घासताहेत. हातात नारळाचा काथ्या. आतल्या भिंतीवर, विशेषतः काठापासून पाणरेषेपर्यंत, गोल गोल.
*आवाज:* "ओतायचं, घासायचं, कडक पाण्याने विसळायचं, उन्हात उपडा घालायचा. यातलं घासणं सोडलं तर बाकीचं फुकट."

इथे मावशींनीच एक प्रश्न काढला, तो आम्हाला सुचला नव्हता. घासून निघालेली अंडी गेली कुठे? ती धुवण्याच्या पाण्यात असतात आणि नाल्यात किंवा अंगणातल्या खळग्यात गेली तर तिथे फुटू शकतात. म्हणून घासल्यावर उकळतं पाणी भिंतीवरून फिरवायचं ठरलं, चारही ड्रमना मिळून दोन मोठी पातेली. पाणी टाकायचं ते उतारावरच्या मातीत, जिथे ते साचत नाही. प्लास्टिकचा ड्रम उकळत्या पाण्याने वाकडा होतो का? आमचे जाड आहेत, त्यांना काही झालं नाही. पातळ बादलीला मात्र जपून. मावशींना रविवारच्या या जादा कामाचे वेगळे पैसे ठरवले.

दृश्य ७. भरलेला ड्रम, वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलेलं.
*आवाज:* "झाकण घट्ट बसत नसेल तर कापड. कापड सैल सोडू नका. ते पाण्याला टेकलं तर मादी ओल्या कापडावरच अंडी घालेल."

नवा व्हिडिओ ऑगस्टच्या मध्यावर सगळ्यांना पाठवला. दोन रविवार घासून झाले आणि ड्रम स्वच्छ. तिसऱ्या सोमवारी दोन ड्रममध्ये पुन्हा बारीक अळ्या! पहिला विचार आला की एवढा खटाटोप वाया. पण आता अळी बघून मागचा हिशोब लावता येत होता, आणि या लेखातलं सगळ्यात कामाचं काही असेल तर तो हिशोब.

भरल्यानंतर दुसऱ्याच दिवशी बारीक अळ्या दिसल्या, तर अंडी जुनी आहेत. रविवारी रात्री नव्याने घातलेलं अंडं सोमवारी फुटू शकत नाही, त्याला तयार व्हायलाच दोन दिवस लागतात. म्हणजे घासणं कमी पडलंय किंवा हप्त्याने फुटणारी अंडी कुठल्या चरीत उरली आहेत. सफाईच्या दिवशी मोठ्या अळ्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, चक्र अर्ध्यावर तुटलं. कोष दिसले तर मागची सफाई चुकली आहे किंवा भांडं यादीतच नाही, आणि उडायला दोनच दिवस आहेत. नुसत्या तरंगत्या कातड्या दिसल्या तर पक्षी उडाला. तिथून पुढे आसपासच्या घरांनी अंग झाकणारे कपडे, दिवसाही मच्छरदाणी आणि ताप आला तर लगेच तपासणी याकडे लक्ष द्यायचं. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त.

आमच्या त्या दोन ड्रमना आतून ओरखडे होते, मागे कुणीतरी त्यांत सिमेंट कालवलं होतं. खडबडीत जागी अंडं खोल बसतं, काथ्या पोचत नाही. ते ड्रम पाण्यासाठी वापरणंच बंद केलं, तळाला भोकं पाडून त्यांत कढीपत्ता लावला. कुंपणाच्या जांभ्याच्या भिंतीचाही प्रकार तोच. जांभ्याची छिद्रं घासत बसणं शक्य नाही, म्हणून माथ्यावरचे पाणी धरणारे खळगे सिमेंटने भरले आणि फाटकाच्या पोकळ लोखंडी खांबांत वाळू भरली.

तरी ऑगस्टअखेर दुसऱ्या मजल्यावर एक पेशंट निघालाच. सामाईक जागेत तेव्हा काही सापडत नव्हतं. एडिस फार लांब उडत नाही, सहसा शंभर-दोनशे मीटरच्या आत राहतो, म्हणून उगम इमारतीत किंवा शेजारीच शोधायचा होता. त्या मजल्यावर दोन फ्लॅट बंद. एकाच्या मालकांना फोन केला, ते म्हणाले, "गणपतीला येतोच आहोत, तेव्हा बघू." त्यांना व्हिडिओतलं पाचवं दृश्य पाठवलं आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारलं. किल्ली त्यांच्या मावसभावाकडे निघाली. आत फ्लशच्या टाकीत अळ्या आणि कोष, कमोडच्या पाण्यात कातड्या, आणि बाल्कनीत मे महिन्यात भरून ठेवलेली बादली. घराची खिडकी चार बोटं उघडी होती, "हवा खेळती राहावी" म्हणून.

त्यामुळे संहितेला आठवं दृश्य जोडलं, ते फक्त मुंबईकरांना मे अखेर आणि अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाठवतो. जाताना फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करायचा, फ्लश दाबून टाकी रिकामी करायची. कमोडचं झाकण लावून कडेने चिकटपट्टी. नहाणीच्या जाळीवर प्लास्टिकचा तुकडा आणि वर वजन. त्याआधी आत चमचाभर गोडं तेल सोडलं तर पाण्यावर पातळ थर बसतो आणि अळीला हवा मिळत नाही. बादल्या पुसून उपड्या. फ्रीज बंद केला असेल तर मागच्या ट्रेमधलं पाणी काढायचं. एक किल्ली सोसायटीच्या कपाटात, पाकिटात सही करून. नऊपैकी सात जणांनी किल्ली दिली. उरलेल्या दोघांनी कॉक बंद केल्याचे फोटो पाठवले, त्यातल्या एका फोटोत मागे कोरडी बादली मुद्दाम उपडी घालून दाखवली होती.

दोन गोष्टी या संहितेत मुद्दाम घेतल्या नाहीत. अळीनाशक औषध हा एक. ते आरोग्य सेवक मापाने टाकतात. अंदाजाने आपण टाकायचं नाही. शिवाय जी औषधं अळीच्या पोटात जाऊन काम करतात, ती कोषाला लागू पडत नाहीत, कारण कोष खातच नाही. कोष दिसला तर पाणी ओतणं हाच उपाय. जी विहीर किंवा शोभेचं टाकं ओतता येत नाही, तिथे गप्पी मासे. दुसरी गोष्ट हिवतापाची. त्याचा अॅनोफिलिस डास निराळा. त्याची अळी पाण्याला समांतर, आडवी तरंगते, लटकत नाही. गच्चीवरच्या मोठ्या टाकीत आडव्या अळ्या दिसल्या तर टाकीचं झाकण आणि ओसंडण्याच्या पाइपची जाळी बघायची. एकाच व्हिडिओत दोन्ही कोंबले की पुन्हा चित्रांची सरमिसळ होते, आणि आमचं सगळं रामायण त्या सरमिसळीतूनच घडलं होतं.

तापाबद्दल एकच ओळ शेवटच्या पाटीवर ठेवली: ताप आणि अंगदुखी असेल तर डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासा, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सोमवारची टॉर्चवाली फेरी अजून चालू आहे. वहीत चार रकाने आहेत: बारीक अळी, मोठी अळी, कोष, कातडी. या पावसाळ्यात कोषाच्या रकान्यात एकच खूण आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या तुळशीच्या कुंडीखालच्या बशीची. ती बशी आता तिथे नाही. काकूंनी कुंडी विटांवर ठेवली आहे.